नऊ आठवड्यांचं बाळ, हिमोग्लोबिन ९.४ आणि अडलेलं ऑपरेशन

एका तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना आलेलं हे प्रकरण. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

मुलगा, ३८ आठवड्यांनी जन्मलेला, वजन २.९ किलो. आईचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, बाळाचा ए पॉझिटिव्ह. पहिला दिवस संपायच्या आत अंग पिवळं दिसू लागलं, म्हणून विसाव्या तासाला रक्त तपासलं आणि ३६ तास फोटोथेरपी दिली. कावीळ उतरली, बाळ घरी गेलं. पुढे फक्त आईचं दूध, वेळेवर लघवी, शांत झोप. सहाव्या आठवड्याच्या लसीला आलं तेव्हा रडताना उजव्या जांघेत सुपारीएवढी गाठ येते आणि शांत झालं की आत जाते, असं आईने सांगितलं. तो हर्निया होता. जिल्ह्याच्या ठिकाणच्या बालशल्यविशारदांनी लवकर ऑपरेशन करू असं सांगितलं आणि भूल देण्याआधीच्या तपासण्या लिहून दिल्या.

बासष्टाव्या दिवशी रक्त दिलं. रिपोर्टवर हिमोग्लोबिन ९.४ आणि त्यापुढे ठळक अक्षरात ‘कमी’. शेजारी छापलेली मर्यादा १३ ते १७. पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट ६६ टक्के, त्यापुढे ‘जास्त’. न्यूट्रोफिल २५ टक्के, ‘कमी’. एका पानावर तीन ठळक शेरे पाहून कोणत्याही आईवडिलांचा धीर सुटेल.

अडचण कशी वाढत गेली

भूलतज्ज्ञ मॅडमनी सांगितलं, “दहाच्या वर आलं की या.” घरी पोहोचेपर्यंत याचं “बाळाला रक्त भरावं लागणार” झालं. बाळाचा काका रक्त द्यायला तयार झाला. गावातल्या डॉक्टरांनी लोहाचे थेंब सुरू केले. आजींनी ठरवलं की सुनेचं दूध पातळ आहे, वरचं दूध लावायला हवं. माझ्याकडे आले तेव्हा बाळ ६४ दिवसांचं होतं, आणि आई खोलीत शिरल्यापासून एकदाही वर न बघता बसली होती.

वडिलांनी दोन रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. जन्मानंतर विसाव्या तासाचा, हिमोग्लोबिन १७.८. आणि आत्ताचा, ९.४. “डॉक्टर, निम्मं रक्त गेलं कुठे? कुठून वाहून गेलं असेल?”

प्रश्न अगदी योग्य होता. मी पेन घेऊन त्यांच्यासमोरच हिशोब मांडला, कारण या विषयात नुसत्या धीर देण्याचा काही उपयोग होत नाही.

जन्माच्या वेळी बाळाच्या अंगात किलोमागे साधारण ८५ मिली रक्त असतं. २.९ किलोला सुमारे २४६ मिली. त्यात दर १०० मिलीला १७.८ ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे एकूण साधारण ४४ ग्रॅम. आज वजन ५.१ किलो. किलोमागे ८० मिली धरलं तर ४०८ मिली रक्त, आणि ९.४ च्या हिशोबाने एकूण साधारण ३८ ग्रॅम. ४४ चे ३८ झाले, निम्मे नव्हे. बाळ जवळजवळ दुप्पट झालं, रक्ताचं पाणी वाढलं, आणि तेवढंच हिमोग्लोबिन मोठ्या भांड्यात पसरलं. हे आकडे अंदाजाचे आहेत, पण हिशोबाची दिशा पक्की आहे. रक्त कुठून वाहून गेलं असतं किंवा पेशी झपाट्याने फुटत असत्या, तर ही बेरीज ३८ वर थांबली नसती.

मुळात घसरण का होते

गर्भाला ऑक्सिजन नाळेतून मिळतो आणि तो आपल्या मानाने फारच थोडा असतो. त्या तुटवड्यावर उपाय म्हणून गर्भाचं यकृत एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक भरपूर बनवतं, आणि ते लाल पेशींचा कारखाना जोरात चालवतं. म्हणून पूर्ण दिवसांचं बाळ १६-१७ हिमोग्लोबिन घेऊन जन्मतं, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत ते १८ च्या आसपासही दिसतं. मग पहिला श्वास घेतला जातो. काही मिनिटांतच रक्तातली ऑक्सिजनची पातळी गर्भातल्या पातळीच्या कितीतरी वर जाते. शरीराच्या दृष्टीने आता लाल पेशी गरजेपेक्षा जास्त आहेत. एरिथ्रोपोएटिन जवळजवळ बंद होतं, अस्थिमज्जेचा कारखाना सुट्टीवर जातो, आणि आठवडाभरात रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच बनून बाहेर आलेल्या लाल पेशी, एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून खाली येतात.

जुन्या पेशी मात्र आपल्या वेळेनुसार मरत राहतात. मोठ्या माणसाची लाल पेशी १२० दिवस जगते, नवजात बाळाची ६० ते ९० दिवस. नवी भर नाही, जुनी गळती चालू, आणि वजन वाढतंय. आठव्या ते बाराव्या आठवड्यात आकडा तळाला पोहोचतो, पूर्ण दिवसांच्या बाळात बहुधा ९ ते ११ च्या दरम्यान. तिथे पोहोचल्यावर ऊतींना ऑक्सिजन थोडा कमी पडू लागतो. तोवर एरिथ्रोपोएटिन बनवण्याचं काम यकृताकडून मूत्रपिंडाकडे येऊ लागलेलं असतं. एरिथ्रोपोएटिन परत वाढतं आणि कारखाना पुन्हा सुरू होतो.

याच काळात गर्भातलं हिमोग्लोबिन मागे पडून मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन त्याची जागा घेत असतं. गर्भातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं. नाळेतून तो ओढून घ्यायला ते सोयीचं, पण ऊतींना सोडायला कंजूष. नवं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहज सोडतं. त्यामुळे ९.४ वर ऊतींना पोहोचणारा ऑक्सिजन त्या आकड्यावरून वाटतो तितका कमी नसतो. फुटलेल्या पेशींमधलं लोहही कुठे जात नाही, ते साठ्यात जमा होतं आणि कारखाना सुरू झाला की तेच वापरलं जातं. लोहाच्या थेंबांनी हा तळ उचलत नाही तो यामुळेच. या टप्प्यावर कच्चा माल भरपूर असतो, फक्त सुरू करण्याचा हुकूम आलेला नसतो.

रिपोर्टवरचे बाकीचे ठळक शेरे

विसाव्या तासाच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी १९,२०० होत्या, त्यात न्यूट्रोफिल ६५ टक्के. मोठ्या माणसाच्या मोजपट्टीवर ही जंतुसंसर्गाची शंका वाटेल, पण नवजात बाळात पहिल्या दिवशी ३०,००० पर्यंतही आकडा दिसू शकतो. आठवडाभरात चित्र उलटतं. लिम्फोसाइट वरचढ होतात आणि चार-पाच वर्षांपर्यंत तसेच राहतात. म्हणजे ६६ टक्के लिम्फोसाइट हे दोन महिन्यांच्या बाळाचं अगदी साधं चित्र होतं. घरी मात्र त्याला ‘व्हायरल’ म्हटलं गेलं होतं.

लाल पेशींचा आकारही तसाच बदलतो. जन्मतः सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, १०७-१०८ च्या आसपास असतो, दोन महिन्यांत ९५ च्या आसपास, आणि एक-दीड वर्षांच्या मुलात ७८. त्यामुळे दोन महिन्यांच्या बाळाचा एमसीव्ही ७२ आला तर मी घाबरेन, आणि दीड वर्षाच्या मुलात तोच ७२ खालच्या मर्यादेजवळचा म्हणून बघेन. प्लेटलेट हा एकच आकडा जन्मापासून जवळपास मोठ्यांसारखा असतो. हिमोग्लोबिनची खालची मर्यादा दोन महिन्यांना ९ च्या आसपास, सहा महिन्यांनंतर साडेदहाच्या आसपास धरतात. १३ ते १७ ही प्रौढ पुरुषाची मर्यादा, आणि ती या बाळाच्या रिपोर्टवर छापली गेली, कारण मशीनमध्ये वयाप्रमाणे मर्यादा भरलेल्याच नव्हत्या.

पहिला निर्णय: हे खरंच नैसर्गिक आहे का

इथे मी घाई केली नाही. ‘या वयात होतंच’ हे वाक्य जितकं खरं, तितकंच धोक्याचं. या बाळाला ओ-ए रक्तगटाची तफावत होती आणि पहिल्याच दिवशी कावीळ झाली होती. अशा बाळात आईकडून आलेली प्रतिपिंडं काही आठवडे पेशी फोडत राहू शकतात, आणि नैसर्गिक घसरणीवर ती घसरण चढली तर आकडा फार खाली जातो. अशी प्रतिपिंडं लाल पेशींना चिकटली आहेत का हे दाखवणारी डायरेक्ट कूम्ब्ज चाचणी जन्माच्या वेळी झालेली नव्हती, ही त्या रिपोर्टमधली खरी उणीव होती.

बाळ तपासलं. वजन रोज सरासरी ३५ ग्रॅम वाढलेलं. नाडी मिनिटाला १३८, श्वास ४०, दूध पिताना घाम नाही, मधे दमून थांबणं नाही. प्लीहा लागली नाही, डोळे पिवळे नाहीत. मग फक्त तीन गोष्टी मागवल्या: रेटिक्युलोसाइट, काचपट्टीवर पेशींची पाहणी आणि कूम्ब्ज.

या तिन्हींत सगळ्यात बोलका आकडा रेटिक्युलोसाइटचा. नवव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ९.४ असताना तो ८-१० टक्के आला असता, तर पेशी फुटत आहेत आणि मज्जा जिवाच्या आकांताने भर घालतेय, असा अर्थ झाला असता. ०.२ टक्के आला असता, तर कारखाना सुरू व्हायची वेळ येऊनही सुरू झालेला नाही. तसं असेल तर डायमंड-ब्लॅकफॅनसारख्या, मज्जेत लाल पेशीच न बनण्याच्या दुर्मीळ आजाराचा विचार करावा लागतो. तो साधारण याच वयात दिसायला लागतो, म्हणून इथे चुकणं महागात पडतं. बाळाचा आकडा आला २.६ टक्के. कूम्ब्ज निगेटिव्ह, काचपट्टीवर चेंडूसारख्या गोल झालेल्या पेशी नाहीत, एमसीव्ही ९३. घसरण थांबली होती आणि कारखाना पुन्हा सुरू झाला होता.

थॅलेसेमियाची शंका वडिलांनी काढली. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी तपासणी बाळाची मी मुद्दाम केली नाही. या वयात गर्भातलं हिमोग्लोबिन इतकं असतं की बीटा थॅलेसेमियाचा वाहक आहे की नाही हे त्यातून कळतच नाही. त्यापेक्षा आईचा गरोदरपणातला रिपोर्ट पाहिला. तो नॉर्मल होता. आईवडिलांपैकी एक जण वाहक नसेल तर बाळाला बीटा थॅलेसेमिया मेजर होत नाही, म्हणून तो प्रश्न तिथेच संपला.

दुसरा निर्णय: रक्त, लोह की ऑपरेशन

रक्त भरणं हा सगळ्यात सोपा वाटणारा पर्याय होता. किलोमागे १५ मिली लाल पेशी, म्हणजे साधारण ७५ मिली, आणि आकडा १२ च्या घरात. पण त्याने एरिथ्रोपोएटिन पुन्हा दबलं असतं. नुकताच सुरू झालेला कारखाना आपण हाताने बंद करून, काही आठवड्यांनी तीच घसरण पुन्हा पाहत बसलो असतो. काकांचा प्रस्ताव मायेचा होता, पण सख्ख्या नात्यातलं रक्त तर आणखी जपून वापरावं लागतं. त्यातल्या पांढऱ्या पेशी बाळाचं शरीर परक्या म्हणून ओळखत नाही, आणि त्या बाळावरच उलटू शकतात. असं रक्त आधी किरणांनी प्रक्रिया केल्याशिवाय देत नाहीत, आणि ती सोय आमच्या आसपास कुठेच नव्हती. काकांना मी हे समजावलं. “मग माझं रक्त बाळाला चालत नाही?” असं त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्या एखाद्या गरजूला नक्की चालेल, एवढं सांगून मी तो विषय बंद केला.

लोहाचे थेंब बंद केले. त्यांचा उपयोग नव्हताच, आणि शी घट्ट होऊन बाळ कुंथू लागलं तर हर्नियावर दाब. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळांची गोष्ट वेगळी. त्यांचा लोहसाठा गर्भात पूर्ण भरलेलाच नसतो, म्हणून त्यांना लोह लवकर सुरू करतात. त्यांची घसरणही लवकर आणि जास्त होते, कधी ७ ते ९ पर्यंत.

आजींशी बोलायला वेळ लागला. “अहो डॉक्टर, दूध पातळ असल्याशिवाय का रक्त उतरतं?” मी म्हटलं, “आजी, दूध कमी पडलं असतं तर नऊ आठवड्यांत दोन किलो दोनशे ग्रॅम वाढलं असतं का?” वजनाचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. गाई-म्हशीचं दूध या वयात लावलं तर आतड्यातून नकळत रक्त पाझरू शकतं आणि तेव्हा खरोखरच रक्त कमी होईल, हेही सांगितलं. तेव्हा आईने पहिल्यांदा मान वर केली.

आता उरला भूलतज्ज्ञांचा दहाचा आग्रह. मी मॅडमना फोन केला. त्यांची भीती निराधार नव्हती. लहान बाळांना भुलीनंतर काही तास श्वास अधूनमधून थांबण्याचा धोका असतो, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत रक्त कमी असेल तर तो वाढतो. पण हे बाळ पूर्ण दिवसांचं होतं. गर्भातलं वय धरून ते ४७ आठवड्यांचं होतं, आणि तो धोका बराच ओसरलेला होता. दुसऱ्या बाजूला हर्निया थांबायला तयार नव्हता. या वयात आतडं त्यात अडकण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. आमचं ठरलं: रक्त न देता ऑपरेशन, नंतरची रात्र ऑक्सिमीटर लावून देखरेखीखाली. फक्त मॅडमनी सांगितलं की आठवड्याने एकदा हिमोग्लोबिन पुन्हा बघू, घसरत नाही याची खात्री होईल. मी हो म्हटलं.

काय घडलं

त्या आठवड्यात, अडुसष्टाव्या दिवशी रात्री दोन वाजता फोन आला. गाठ आत जात नव्हती, बाळ तास-दीड तास रडत होतं आणि एक उलटी झाली होती. सुदैवाने दवाखान्यात पोहोचल्यावर शांत करून गाठ हळूहळू आत गेली. आतड्याला इजा झाली नाही. त्या रात्रीची आईची अवस्था मी विसरू शकलेलो नाही.

दोन दिवसांनी हिमोग्लोबिन ९.६ आलं, आणि बहात्तराव्या दिवशी ऑपरेशन झालं. जेमतेम दोन-तीन मिली रक्त गेलं असेल. रात्रभर श्वास एकदाही अडखळला नाही. चौदाव्या आठवड्याच्या लसीच्या वेळी हिमोग्लोबिन १०.३ होतं, सहा महिन्यांना ११.५. मधल्या काळात काहीही औषध नव्हतं.

आज वेगळं काय करेन

तो एक आठवडा मी थांबायला नको होतं. मॅडमना होकार दिला तेव्हा रेटिक्युलोसाइटचा आकडा माझ्या हातात होता आणि घसरण थांबली आहे हे त्यातून कळत होतं. पुन्हा मोजलेल्या ९.६ ने नवीन काही सांगितलं नाही. आम्हा दोघांना थोडं निश्चिंत वाटावं यासाठी बाळाने तो धोका पत्करला. अशा वेळी मी आता फोनवर रेटिक्युलोसाइटचा आकडा पहिल्या वाक्यात सांगतो, हिमोग्लोबिन त्यानंतर.

पहिल्या दिवशीची कावीळ आणि ओ गटाची आई असेल तर कूम्ब्ज तेव्हाच करायला हवी होती. अशा बाळाला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदा बघून हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट मोजले असते, तर नवव्या आठवड्याला आमच्या हातात मधला एक टप्पा असता, आणि १७.८ वरून थेट ९.४ असा कडा दिसला नसता. पहिल्या रिपोर्टचं रक्त टाचेतून घेतलं होतं, दुसऱ्याचं शिरेतून. टाचेतला आकडा नवजात बाळात शिरेपेक्षा जास्त येतो, आणि वडिलांना दिसलेल्या दरीचा काही भाग त्या फरकातूनच आलेला असणार. हे मला तेव्हा सुचलंच नाही.

लॅबच्या मालकांशी मी बोललो. मशीनमध्ये वयोगटाच्या मर्यादा भरायला अर्धा दिवस लागला. आता त्यांच्या रिपोर्टवर दोन महिन्यांच्या बाळासमोर खालची मर्यादा ९ छापलेली असते.

सहा महिन्यांना त्या बाळाला सरकारी कार्यक्रमाप्रमाणे लोह आणि फोलिक ॲसिडचं सिरप सुरू केलं, आठवड्यातून दोनदा एक मिली. “तेव्हा बंद केलंत आणि आता देताय?” आजींनी विचारलं. जन्माच्या वेळी भरलेला साठा साधारण चार ते सहा महिने पुरतो, तो आता संपत आलाय, असं मी सांगितलं. त्यांनी बाटली पदराच्या गाठीत बांधली आणि बुधवार-शनिवार असे वार स्वतःच ठरवून टाकले.